२४ तासांचं स्टेटस, १९ महिन्यांची केस

व्हॉट्सअॅपचं स्टेटस किती वेळ टिकतं? २४ तास. त्यानंतर ते आपोआप गायब होतं आणि दुसऱ्या दिवशी आपणही विसरून जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजमधल्या प्राध्यापकांनी ऑगस्ट २०२२ मध्ये अशीच दोन-तीन वाक्यं स्टेटसला ठेवली. ती वाक्यं गुन्हा आहेत की नाहीत, याचं अंतिम उत्तर सुप्रीम कोर्टाने दिलं ७ मार्च २०२४ रोजी. म्हणजे २४ तासांच्या मजकुरासाठी जवळपास १९ महिने!

‘अभिव्यक्ती स्वातंत्र्य’ हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, ‘माझं अकाउंट आहे, मी काहीही लिहीन.’ दुसरं, ‘भावना दुखावल्या, आत टाका.’ कायदा या दोन्ही वाक्यांच्या बाजूने नाही. तो नेमका कुठे उभा आहे, हे समजून घ्यायला कोल्हापूरची ही केस फार उपयोगी आहे. कारण त्यात कुठलाही मोठा नेता नाही, कोट्यवधी फॉलोअर्स नाहीत. एक शिक्षक आहे, पालक आणि शिक्षकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि एक स्टेटस. म्हणजे अगदी आपल्यासारखंच प्रकरण.

स्टेटसमध्ये होतं काय?

हे प्राध्यापक मूळचे काश्मीरचे. १३ ते १५ ऑगस्टच्या दरम्यान त्यांनी इंग्रजीत स्टेटस ठेवलं. एकात ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचं म्हटलं होतं. ३७० कलम रद्द झालं, आम्ही खूश नाही, असंही त्यात होतं. दुसऱ्यात १४ ऑगस्टनिमित्त पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा होत्या.

वाचतानाच तुमच्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. पडू दे. त्या आठीचं काय करायचं, हाच तर आजचा विषय आहे.

हातकणंगले पोलीस ठाण्यात भारतीय दंड संहितेच्या १५३-अ कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला. धर्म, वंश, भाषा, जात वगैरे कारणांवरून समाजगटांमध्ये शत्रुत्व किंवा द्वेष वाढवणं, असा हा गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. (१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिथे हेच कलम १९६ या नंबरने आहे, त्यामुळे हे प्रकरण जुनं झालं असं समजू नका.) प्राध्यापक एफआयआर रद्द करून घ्यायला मुंबई हायकोर्टात गेले. हायकोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये नकार दिला. पाकिस्तानला शुभेच्छा देण्यात गुन्हा दिसत नाही, पण काळ्या दिवसाचा मजकूर मात्र या कलमात बसू शकतो, असं कोर्टाचं म्हणणं होतं. मग प्रकरण दिल्लीला गेलं.

आठ कारणं आणि एक शब्द

निकालाकडे जाण्याआधी राज्यघटनेचं १९वं कलम दोन मिनिटं बघू. घाबरू नका, एमपीएससीच्या नोट्स काढायला सांगणार नाही.

१९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. १९(२) सांगतं की सरकार कायदा करून या स्वातंत्र्यावर ‘वाजवी निर्बंध’ घालू शकतं. कोणत्या कारणांसाठी? फक्त आठ. भारताची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. नववं कारण सरकारला काढता येत नाही आणि तुमच्या सोसायटीच्या ग्रुपलाही नाही.

आता यादी पुन्हा वाचा. त्यात ‘राग आला’ आहे? ‘वाईट वाटलं’ आहे? ‘बहुतेकांना पटलं नाही’ आहे? नाही. धार्मिक भावना दुखावण्याबद्दल वेगळं कलम जरूर आहे, पण त्यातही ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ केलेलं कृत्य सिद्ध करावं लागतं. नुसतं कोणीतरी दुखावलं, एवढ्याने ते लागू होत नाही.

यादीइतकाच महत्त्वाचा आहे तो ‘वाजवी’ हा शब्द. तो मूळ घटनेत या जागी नव्हता! १९५० मध्ये मुंबईतून निघणाऱ्या रोमेश थापर यांच्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली आणि सुप्रीम कोर्टाने ती उडवून लावली. सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण तेव्हा यादीत नव्हतं. म्हणून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि यादी वाढली. पण त्याच दुरुस्तीत निर्बंधांच्या आधी ‘वाजवी’ हा शब्दही आला. या एका शब्दामुळे सरकारला नुसतं कारणाकडे बोट दाखवून सुटता येत नाही. आजाराच्या मानाने औषध जास्त कडक तर नाही ना, हे कोर्ट तपासू शकतं.

तीन प्रश्न

आता कोल्हापूरकडे परत येऊ. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने एफआयआर रद्द केला. निकालाचं सार मी तीन प्रश्नांत मांडते. हे तीन प्रश्न कुठल्याही पोस्टला लावून बघता येतात.

पहिला प्रश्न, यात कोणते दोन गट एकमेकांविरुद्ध उभे केलेत? शत्रुत्व वाढवायला दोन बाजू लागतात. स्टेटसमध्ये कोणत्याही धर्माचा किंवा समाजाचा उल्लेख नव्हता. टीका होती ती सरकारच्या एका निर्णयावर. सरकारचा निर्णय हा समाजगट नसतो. ३७० रद्द करण्यावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे आणि ‘काळा दिवस’ म्हणणं हा निषेध आहे, असं कोर्टाने म्हटलं. सरकारवरच्या प्रत्येक टीकेला १५३-अ लावायचं ठरवलं तर लोकशाहीच उरणार नाही, हाही मुद्दा निकालात आहे.

दुसरा प्रश्न, हेतू काय दिसतो? १५३-अ साठी द्वेष पसरवण्याचा हेतू हा गाभा आहे आणि तो पूर्ण मजकुरातून दिसावा लागतो. एखादं वाक्य उचलून, त्याला आपला अर्थ चिकटवून चालत नाही. शुभेच्छांबद्दल कोर्ट म्हणालं की दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं ही सदिच्छा आहे. लिहिणारा अमुक धर्माचा आहे म्हणून त्याच्या शुभेच्छांमागे काळा हेतू शोधायचा नाही. मला निकालातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण आपण स्क्रीनशॉट बघताना पहिल्यांदा नाव वाचतो आणि मग मजकूर.

तिसरा प्रश्न, कोणाच्या नजरेने वाचायचं? ग्रुपमधल्या सगळ्यात चटकन भडकणाऱ्या काकांच्या की शांतपणे विचार करणाऱ्या माणसाच्या? याचं उत्तर आपल्या नागपूरने फार पूर्वी देऊन ठेवलंय. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तिथल्या हायकोर्टात न्या. व्हिव्हियन बोस यांनी एका प्रकरणात म्हटलं होतं की शब्दांचा परिणाम विचारी, खंबीर आणि धीट माणसाच्या मोजपट्टीने मोजायला हवा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका बघणाऱ्या माणसाच्या नव्हे. कोल्हापूरच्या प्रकरणातही हीच मोजपट्टी वापरली गेली. काही मोजक्या लोकांच्या मनात द्वेष उत्पन्न होऊ शकेल, एवढं कारण पुरेसं नाही असं कोर्टाने स्पष्ट केलं. तुमच्या कपाळावरची ती आठी हा तुमचा हक्क आहे. तिच्यावरून एफआयआर होत नाही.

पालघर ते ‘६६-अ’

हे सगळं इतकं स्पष्ट होतं तर पोलीस चुकले कसे? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न विचारणारी पोस्ट लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींनाही अटक झाली. पोस्ट लिहिणारीच्या नातेवाइकाच्या क्लिनिकची तोडफोड झाली. जरा थांबून बघा, त्या दिवशी सार्वजनिक सुव्यवस्था नेमकी कोणी बिघडवली? पोस्टने की तोडफोडीने?

त्या वेळी आयटी कायद्यात ६६-अ हे कलम होतं. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर किंवा ‘त्रास’, ‘गैरसोय’ व्हावी म्हणून पाठवलेली खोटी माहिती, अशा शब्दांत तिथे गुन्हा सांगितला होता आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण त्रास म्हणजे किती त्रास? सकाळी सहाला येणारे ‘सुप्रभात’चे मेसेजही काहींना त्रासच देतात! तेव्हा साधारण तुमच्याच वयाच्या श्रेया सिंघलने या कलमाला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं आणि २४ मार्च २०१५ रोजी कोर्टाने ते पूर्ण रद्द केलं.

या निकालाने तीन पायऱ्या सांगितल्या. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या विषयावर बोलणं ही चर्चा. एखादं मत, अगदी लोकांना न आवडणारं मतसुद्धा, जोरात मांडणं हा पुरस्कार. या दोन्ही पायऱ्यांवर तुम्ही सुरक्षित आहात. निर्बंध सुरू होतात ते तिसऱ्या पायरीवर, म्हणजे बोलणं चिथावणीपर्यंत पोहोचतं तेव्हा. गंमत म्हणजे कलम रद्द झाल्यावरही काही ठिकाणी त्याखाली गुन्हे दाखल होतच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कोणावरही खटला चालवायचा नाही.

एकच विषय, चार पोस्ट

आता हे आपल्या कट्ट्यावर आणू. समजा, कॉलेजने अचानक फी वाढवली. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण परकं वाटणार नाही. चार जण चार पोस्ट टाकतात.

पहिली पोस्ट, ‘ही फीवाढ म्हणजे दिवसाढवळ्या लूट आहे. मॅनेजमेंटला लाज वाटली पाहिजे.’ भाषा तिखट आहे. प्राचार्यांना झोंबेल. पण हे मत आहे, तेही सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरचं. इथे तुम्ही पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आहात.

दुसरी पोस्ट, ‘ऑफिसमधल्या अमुक क्लार्कने फीच्या पैशातून गाडी घेतली.’ नाव आहे, आरोप आहे, पुरावा काहीच नाही. मत आणि माहिती यातला फरक इथे कळतो. ‘लूट’ हे मत झालं, ‘अमुकने पैसे खाल्ले’ ही माहिती झाली आणि ती खोटी निघाली तर अब्रूनुकसानी. न्याय संहितेच्या ३५६ कलमात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘पण ते खरंच आहे’ एवढं म्हणूनही फौजदारी खटल्यात सुटका होत नाही; ते खरं असावं लागतं आणि सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. मात्र या गुन्ह्यात पोलीस थेट एफआयआर करून अटक करू शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली, त्याने स्वतः मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची असते.

तिसरी पोस्ट, ‘ही सगळी त्या समाजाच्या पोरांना सवलती दिल्यामुळे झालेली वाढ. ते लोक असेच. हाकला त्यांना हॉस्टेलमधून.’ शिष्यवृत्तीच्या किंवा आरक्षणाच्या धोरणावर टीका करणं ही चर्चा आहे. पण इथे धोरण बाजूला पडलं आणि एक समाजगट निशाण्यावर आला. कोल्हापूरच्या स्टेटसमध्ये जे दोन गट सापडले नव्हते, ते इथे पहिल्याच वाक्यात सापडतात. १९६ कलम खरं तर अशाच मजकुरासाठी आहे.

चौथी पोस्ट, ‘उद्या सकाळी १० वाजता सगळे ऑफिसच्या मागच्या गेटला. दगड घेऊन या.’ जागा ठरली, वेळ ठरली, काय करायचं ते ठरलं. ही चिथावणी. शब्द आणि हिंसा यांच्यात फारसं अंतरच उरलेलं नाही. सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात यासाठी दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीची उपमा दिली होती. शब्द आणि धोका यांचं नातं तितकं जवळचं हवं. ओढूनताणून जोडलेलं नको.

या चारही पोस्टमध्ये राग सारखाच आहे. किंबहुना पहिली पोस्ट चौथीपेक्षा जास्त संतापलेली वाटेल. म्हणून भाषेचा तिखटपणा हे मोजमाप नाही. शब्द कोणाविरुद्ध आहेत आणि ते लोकांना काय करायला लावतायत, हे मोजमाप आहे.

‘मी कुठे लिहिलं, मी तर फक्त फॉरवर्ड केलं’ असं म्हणणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. फॉरवर्ड करणं म्हणजे तो मजकूर मान्य करून पुढे पाठवणं, असं मद्रास हायकोर्टाने २०१८ मध्ये एका प्रकरणात म्हटलंय. नुसतं लाइक करणं म्हणजे मात्र मजकूर प्रसिद्ध करणं नव्हे, असं अलाहाबाद हायकोर्टाने २०२५ मध्ये सांगितलं. पालघरच्या त्या मैत्रिणीला हे ऐकायला १२ वर्षांहून जास्त वाट बघावी लागली. आणि ग्रुप अॅडमिन मंडळींनो, मेंबरने काही टाकलं आणि तुमचा त्यात समान हेतू नसेल, तर केवळ अॅडमिन आहात म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, हे आपल्याच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय.

जिंकूनही हरणं

आता माझं म्हणणं. वर सांगितलेले जवळपास सगळे निकाल अभिव्यक्तीच्या बाजूने आहेत. मग तक्रार कशाची? तक्रार वेळेची आहे. कोर्टात शेवटी जिंकलेला माणूस मधले महिने हरलेलाच असतो. एफआयआर, वकिलाची फी, नोकरीवरची टांगती तलवार, पासपोर्ट आणि व्हिसाच्या फॉर्मवरचा तो ‘गुन्हा दाखल आहे का’ हा रकाना. यातलं काहीही निकालपत्र परत देत नाही.

मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका १९ वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीचं प्रकरण आठवतंय? ‘ऑपरेशन सिंदूर’बद्दल दुसऱ्या कोणाची तरी पोस्ट तिने इन्स्टाग्रामवर शेअर केली. थोड्याच वेळात ती काढून टाकली, माफीही मागितली. तरी अटक झाली, कॉलेजने तिला काढून टाकलं आणि परीक्षेच्या दिवसांत ती येरवडा जेलमध्ये होती. २७ मे रोजी मुंबई हायकोर्टाने जामीन दिला, सरकारच्या टोकाच्या प्रतिक्रियेबद्दल सुनावलं आणि कॉलेजच्या आदेशालाही स्थगिती दिली, कारण तिचं म्हणणंच ऐकून घेतलं नव्हतं. ती पोस्ट चूक होती असं तुमचं मत असू शकतं. पण चूक आणि गुन्हा यांच्यामध्ये एक मोठी मोकळी जागा असते. तिथे वाद घालता येतो, समजावता येतं, माफी मागता येते. ती जागा आपण बुजवत चाललोय.

ही जागा परत मिळवायची सोय कायद्यात आहे. राज्यसभेवर महाराष्ट्रातून निवडून गेलेले इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या पोस्टवरून गुजरातमध्ये गुन्हा दाखल झाला होता. तो २८ मार्च २०२५ रोजी रद्द करताना सुप्रीम कोर्टाने नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) या कलमाकडे बोट दाखवलं. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने एफआयआरआधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणात ती करणं योग्य, असं कोर्ट म्हणालं. १९६ कलम या चौकटीत बसतं. म्हणजे १४ दिवसांत कोणीतरी शांतपणे ते तीन प्रश्न विचारू शकतं. कोल्हापुरात ते कोणी विचारले असते तर पुढचे १९ महिने वाचले असते. पोलिसांना अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं शिक्षण द्यायची वेळ आली आहे, असं त्या निकालात म्हटलं होतंच. मला वाटतं, त्या वर्गात कॉलेजांच्या शिस्तपालन समित्यांनाही बसवावं. कारवाईआधी मुलाचं म्हणणं ऐकणं, हा पहिला धडा.

आणि एक बाक आपल्यासाठीही. पोलीस आपणहून आपली स्टेटसं चाळत बसत नाहीत. बहुतेक वेळा आपल्यातलाच कोणीतरी स्क्रीनशॉट काढतो, ‘बघा हे’ म्हणत दहा ग्रुपवर टाकतो आणि मग तो ठाण्यात पोहोचतो. पुढच्या वेळी एखादी पोस्ट बघून तुमचा अंगठा स्क्रीनशॉटकडे गेला, तर आधी बघा. यात दगड घेऊन बोलावलंय का? एखाद्या समाजाला निशाण्यावर धरलंय का? कोणावर खोटा आरोप आहे का? असेल तर जरूर तक्रार करा. नसेल आणि तरीही ती पोस्ट झोंबत असेल, तर खाली कमेंट बॉक्स आहे. तिथे उत्तर लिहा, हवं तेवढं तिखट लिहा. तो हक्कही १९(१)(अ) नेच दिलाय.